'जन्मस्थान' वाचून 'निवास'वर टिक करणाऱ्यांसाठी

लातुरात टेस्ट सिरीजचे पेपर तपासताना राज्यघटनेवरचं एक विधान मी मुद्दाम टाकतो: 'अनुच्छेद 15 नुसार राज्य निवासाच्या कारणावरून नागरिकांत भेदभाव करू शकत नाही.' निम्मी पोरं डोळे झाकून 'बरोबर' लिहितात. विधान चूक आहे.

अनुच्छेद 15(1) मध्ये पाचच कारणं आहेत: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान. सरकारी नोकरीच्या 16(2) मध्ये त्यांत दोनाची भर पडते, कूळ आणि निवास. म्हणजे निवास हा शब्द फक्त 16 चा.

मागच्या वर्षी उदगीरचा एक पोरगा भांडायलाच आला. 'सर, जन्मलो तिथंच राहतो, मग फरक काय?' त्याला 1955 चा डी. पी. जोशी खटला सांगितला. इंदूरच्या मेडिकल कॉलेजात तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या रहिवाशांना कॅपिटेशन फी माफ होती, बाहेरच्यांना भरावी लागे. दिल्लीचे जोशी 15(1) चा आधार घेऊन सुप्रीम कोर्टात गेले आणि बहुमताने हरले. कोर्ट म्हणालं, जन्मस्थान वेगळं, निवास वेगळा. नियम निवासावर आहे, 15(1) मोडत नाही. पोरगा गप्प. मग त्याला आपलंच उदाहरण दिलं. निजामाच्या राज्यात नोकरीला मुल्की म्हणजे स्थानिक असावं लागे, आणि बाहेर जन्मलेला माणूसही पंधरा वर्षांच्या कायम वास्तव्याने मुल्की ठरू शकत असे. आजोबाला विचारलं असतं तर त्यानेही फरक सांगितला असता.

आता पुढचा सापळा. नोकरीत निवासाची अट कधीच घालता येत नाही, असंही नाही. 16(3) तशी मुभा देतो, पण कायदा संसदेनेच करायचा. पर्यायात 'राज्य विधिमंडळ' दिसलं की हात आवरा.

'केवळ' हा शब्द तर कुणी वाचतच नाही. 15(1) आणि 16(2) या दोन्हींत तो आहे. मनाई आहे ती केवळ त्या कारणावरून होणाऱ्या भेदभावाला.

'व्यक्ती' की 'नागरिक', हे प्रत्येक वेळी बघा. 14 आणि 21 व्यक्तीला, 15, 16, 19 नागरिकाला.

आद्याक्षरं जुळवून केलेल्या युक्त्या मला आवडत नाहीत. त्यातून यादी पाठ होते, पण ती कोणत्या अनुच्छेदाची हे परीक्षेत आठवत नाही. मी वहीचं पान मधोमध दुमडतो, डावीकडे 15(1), उजवीकडे 16(2), मूळ मजकूर पाहून हाताने लिहितो, आणि एका बाजूला नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारतो. वीस मिनिटं लागतात. एवढा धीर नसलेले पीडीएफ मागतात. मी देत नाही.