मे महिन्यात आठ पत्रिका आणि हातात नऊ हजार: आहेराचं गणित कसं बसवायचं

तुळशीचं लग्न झालं की कोकणात पत्रिका यायला सुरुवात होते, पण खरी गर्दी मे महिन्यात. चाकरमानी सुट्टीला गावी आलेले असतात, शाळा बंद, आणि मिरग लागायच्या आत मांडव उतरला पाहिजे म्हणून सगळ्यांची घाई. एका घरात सात-आठ पत्रिका सहज होतात आणि त्यातली निम्मी टाळता न येणारी. हे सगळं कसं बसवायचं ते मी एका घराचं उदाहरण धरून सांगतो. घर मालवणकडचं, नवरा ट्रॉलरवर खलाशी, बायको सुकी मासळी विकते आणि बचत गटात आहे, दोन मुलं शाळेत. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला.

पायरी 1: आधी जून-जुलै बाजूला काढा

बहुतेक लोक इथेच चुकतात, कारण मे महिन्यात हातात पैसे दिसतात. बोट अजून चालू असते, बागवाल्यांचा आंबा आणि काजू बी विकली जात असते, त्यामुळे खिसा भरलेला वाटतो. पण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, म्हणजे दोन महिने बोटीवरचा हिस्सा नाही. त्यातच जूनमध्ये शाळा सुरू, वह्या, दप्तर, छत्र्या. आणि ऑगस्टला बोट पाण्यात गेली तरी लगेच पैसे येत नाहीत, तोवर गणपती दारात. म्हणून मे महिन्याची कमाई ही एकट्या मे महिन्याची नसतेच. दोन महिन्यांचा किराणा, लाईट बिल, शाळेचा खर्च, गटाचा हप्ता हे सगळं आधी वेगळ्या डब्यात किंवा बँकेत टाका आणि मग उरेल तो आहेराचा आकडा. आपल्या उदाहरणातल्या घरात असे 9,000 उरले.

पायरी 2: सगळ्या पत्रिका एका कागदावर

तारीख, गाव, नातं, आणि मनात आलेली रक्कम. सोबत प्रवासाचं भाडं पण लिहा, ते लोक आहेरात धरतच नाहीत. या घराचा पहिला कागद असा होता: नणंदेच्या मुलीचं लग्न, मामाचा मान म्हणून 7,000. भावकीत पुतण्याचं लग्न, साडी आणि पाकीट मिळून 1,500. वाडीतली दोन लग्नं, प्रत्येकी 500. बायकोच्या चुलत बहिणीचं लग्न रत्नागिरीला, पाकीट 1,000 आणि चौघांचं एसटीचं जाणं-येणं 1,500. बोटीच्या मालकाच्या मुलाचं 1,000. नवऱ्याच्या मित्राच्या भावाचं 500 आणि डोंबिवलीच्या रिसेप्शनचं 500. बेरीज 14,000. म्हणजे पाच हजार कमी. (पाकिटात वर टाकायचा एक रुपया मी हिशोबात धरला नाही, तेवढं सांभाळून घ्या.)

पायरी 3: आहेराची वही काढा

आपल्या लग्नाची, घरातल्या मुंजीची, बहिणीच्या लग्नाची वही कपाटात कुठेतरी असतेच. आहेर म्हणजे आपल्याकडे फिरतं देणं आहे, कोणी आपल्याला दिलंय ते परत जायचंच, त्यामुळे रक्कम लाजेवर ठरवायची नाही, वहीवर ठरवायची. आता अडचण अशी की वही पंधरा-वीस वर्षांपूर्वीची, त्यात कोणी 51 दिलेत, कोणी 101, आणि आज 101 चं पाकीट दिलं तर चालणार नाही. मग किती द्यायचे?

इथे एक सोपी पद्धत आहे. आकडा बघू नका, त्या माणसाची जागा बघा. वहीचं पान उघडा आणि सगळ्यात जास्त वेळा कुठला आकडा आलाय ते शोधा. समजा बहुतेकांनी 101 दिलेत, तर 101 हा तेव्हाचा चालू आहेर. आज तुमच्या वाडीत चालू आहेर 500 असेल तर 101 वाल्याला 500. ज्याने तेव्हा 251 दिले होते तो चालूपेक्षा बराच वर होता, त्याला 1,000 द्या, त्याने आपल्यासाठी खिसा सैल केला होता. आणि ज्याने 51 दिले त्याला 300 दिले तरी काही बिघडत नाही. आजचा चालू आहेर माहीत नसेल तर अलीकडे ज्यांच्या घरी लग्न झालं त्या वहिनीला सरळ विचारा, बायकांना हे तोंडपाठ असतं.

वहीत अजून एक गोष्ट दिसते. काही घरांचं आपण दोनदा दिलंय आणि आपल्याकडे एकदाच आलंय, किंवा उलट. मोठ्या मुलाच्या लग्नात आपण 1,000 दिले असतील तर धाकट्याच्या लग्नात पुन्हा तेवढेच द्यायचा नियम नाही. आपल्या उदाहरणात भावकीतल्या घराचं असंच निघालं, वहीत त्यांची साडी नव्हती, फक्त चालू पाकीट होतं, आणि मधल्या काळात या घराने त्यांच्याकडे एक साडी आधीच दिली होती. मग आताची साडी रद्द, 1,500 चे 700 झाले, जागच्या जागी आठशे वाचले.

पायरी 4: मानाचा खर्च वाटून घ्या

लोक पाकिटातले शंभर-दोनशे कमी करत बसतात, पण सगळ्यात मोठा खड्डा मानाचा असतो. भाचीच्या लग्नात मामा. इथे मामा एक नव्हता, तिघे भाऊ होते, आणि तिघांच्या घरात वेगवेगळं ठरत होतं की आपण नवरीला साडी घेऊ. म्हणजे नवरीला तीन साड्या आणि तिघांच्याही खिशाला चाट. त्याऐवजी तिघांनी प्रत्येकी 3,000 काढले. 9,000 त झालं काय, तर नवरीला 4,000 ची एकच चांगली साडी, 3,000 ची चांदीची पैंजण-जोडवी, आणि ताई-भावोजींना 2,000 चे कपडे. एकट्याने केलं असतं त्यापेक्षा भारी झालं आणि या घराचे चार हजार वाचले.

पण हे वाटून घेणं नीट केलं नाही तर यातूनच भांडण उभं राहतं. पैसे खरेदीच्या आधी एकाच्या हातात द्यायचे, "तू घे, नंतर बघू" म्हटलं की ते नंतर कधी येत नाही आणि ज्याने घेतलं तो वर्षभर धुसफुसतो. चांदीचा भाव रोज हलतो म्हणून वजन ठरवू नका, रक्कम ठरवा, त्यात बसेल ते घ्या आणि पक्कं बिल मागा. मांडवात नवरीला घेऊन कोण उभा राहणार ते पण आधीच बोलून घ्या, साधारण थोरला, पण गृहीत धरू नका. आणि एक भाऊ मुंबईला असेल, त्याला जास्त जमत असेल तर त्याने जास्त घालावेत, पण ते त्याने स्वतःहून म्हटलं तर, मागू नका.

ताईला हे बस्ता बांधायच्या आधी सांगायचं. बस्ता झाल्यावर सांगितलं तर तिच्याकडे साडी दोनदा झालेली असते आणि तुमची साडी कपाटात जाते. फोन करून एवढंच बोलायचं, "ताई, नवरीची साडी नि पैंजण आमच्या तिघांकडून, तू बस्त्यात धरू नको, रंग कुठला हवा तेवढं सांग." परिस्थितीचं रडगाणं लावायची गरज नाही. तिलाही बोट बंद होणार हे माहीत असतं.

पायरी 5: कोणी जायचं ते ठरवा

रत्नागिरीला पूर्ण तिकीट एका बाजूचं 300 धरलं तर नवऱ्याचे 300, बायकोचं अर्धं तिकीट म्हणून 150, दोन मुलांची अर्धी तिकिटं 300, असे 750 आणि परतीचे धरून 1,500. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, त्यामुळे माहेरच्या लग्नाला बायको एकटी गेली तर 300 त काम होतं. पाकीट पूर्ण हजाराचंच ठेवायचं, कापायचं ते प्रवासात. माझ्या मते माहेरच्या माणसांना जावई आला नाही याचं थोडं वाईट वाटतं पण बोटीचे शेवटचे दिवस आहेत म्हटल्यावर कोणी धरून बसत नाही. इथे 1,200 वाचले.

डोंबिवलीला कोणी जाणार नाही, 500 गुगल पेवर, सोबत फोन. नुसते पैसे टाकून गप्प बसू नका, ते फार कोरडं वाटतं.

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असेल तर खरंच आणू नका. जवळचं घर असेल तर ओटीपुरता खण-नारळ न्या.

मालकाच्या घरच्या हजाराला या लोकांनी हात लावला नाही. त्याच बोटीवर ऑगस्टला परत चढायचंय, आणि ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

पायरी 6: घरातल्या साड्या

आहेरात आलेल्या साड्या फिरवण्यात काही कमीपणा नाही, सगळेच फिरवतात. फक्त प्रत्येक साडीला चिठ्ठी लावा, कोणाकडून कधी आली. नाहीतर ज्या घरून आली त्याच घरात परत जाते, किंवा त्यांच्या सख्ख्या जावेकडे, आणि ती ओळखते. द्यायच्या आधी घडी पूर्ण उलगडून उजेडात बघा. आपल्या दमट हवेत घडीवर पिवळी रेघ किंवा बुरशीचे ठिपके येतात, सिल्क घडीवर विरलेलं असतं, डांबर गोळीचा वास बसलेला असतो. असलं काही दिसलं तर ती साडी घरात नेसायला ठेवा.

पायरी 7: उधार नको

सगळं धरून 14,000 चे 8,000 झाले, हजार शिल्लक. ती हजाराची नोट खर्च करायची नाही, कारण मे संपता संपता एक तरी पत्रिका आदल्या दिवशी येते. तरीही कमी पडत असेल तर लोक दुकानात उधार ठेवतात किंवा गटातून कर्ज उचलतात. महिना 2 टक्क्याने 5,000 घेतले तर व्याज महिन्याला 100, हे फार वाटत नाही. त्रास व्याजाचा नाही, हप्त्याचा आहे, तो नेमका जून-जुलैत येतो जेव्हा बोट किनाऱ्याला ओढलेली असते. हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांना भरावा लागतो आणि पुढच्या वेळी खरंच दवाखान्यासाठी लागले तर तोंड उघडवत नाही. त्यापेक्षा पाकीट 500 चं 300 करा.

पायरी 8: दिलेलं लिहून ठेवा

आलेला आहेर सगळे लिहितात, दिलेला कोणी लिहित नाही. वहीच्या मागच्या पानापासून उलटं सुरू करा: तारीख, कोणाचं लग्न, काय दिलं, साडी असेल तर रंग, वाटून दिलं असेल तर कोणासोबत. हे लग्नावरून आल्या रात्रीच लिहायचं, चार लग्नं झाली की कुठल्या घरी हिरवी दिली नि कुठे जांभळी ते आठवत नाही.