तासिका तत्त्वावर शिकवताना आदेशाची तारीख पाहा

इतिहासात एम.ए. आणि सेट झाल्यावर बीड जिल्ह्यातील एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवू लागले. या मार्गाने येणाऱ्यांना पात्रता, मुलाखत, दर हे साधारण ठाऊक असते, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. मी ज्यात फसले ती गोष्ट मात्र सविस्तर सांगते, कारण ती मला कोणी आधी सांगितली नव्हती.

जुलैच्या मध्यावर विभागप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, पोरं बसून आहेत, तुम्ही तास सुरू करा, ऑर्डर मागून निघंल," असे ते म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी वर्गात उभी राहिले. निवड समितीची मुलाखत सप्टेंबरअखेर झाली आणि माझ्या हातात पडलेल्या आदेशावर 1 ऑक्टोबर ही तारीख होती. माझ्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यताही त्याच तारखेपासून मिळाली. त्याआधीचे अडीच महिने कागदावर नव्हतेच. पोळा, गणपती, मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी वगळून माझ्या वहीत 84 तासिका भरल्या होत्या. तेव्हाच्या 500 रुपये दराने ते 42,000 रुपये होतात. मी मागणी केली, तेव्हा लेखा विभागातील कारकुनाने शांतपणे सांगितले, "बिल सहसंचालक कार्यालयात जातं, तिथं मान्यतेच्या आधीचा एक तास चालत नाही." त्याचे म्हणणे खरे होते, म्हणूनच त्या संध्याकाळी एसटीत खिडकीकडे तोंड करून मी रडले.

पैशांपेक्षा मोठे नुकसान पुढे कळले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदासाठी उमेदवारांची प्राथमिक निवड करताना अध्यापनाच्या प्रत्येक वर्षाला 2 गुण, कमाल 10, असे धरलेले आहे आणि वर्ष पूर्ण नसेल तर गुण त्या प्रमाणात कमी होतात. माझे ते वर्ष ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिन्यांचे ठरले आणि 2 ऐवजी 1 गुण मिळाला. शिवाय त्या पदाच्या अर्जाची छाननी चालू असताना टेबलावर माझे अनुभव प्रमाणपत्र उलटेपालटे करून मला विचारण्यात आले, "मान्यता पत्राचा क्रमांक कुठंय?" प्रमाणपत्रावर नुसते शैक्षणिक वर्ष होते, 'पासून–पर्यंत' तारखा नव्हत्या आणि क्रमांकही नव्हता. तो कागद घेऊन मला पुन्हा महाविद्यालयात खेटे घालावे लागले, आणि तोवर अर्ज पूर्ण करण्याची मुदत हुकता हुकता राहिली.

म्हणून आदेश हातात आल्याशिवाय वर्गात उभे राहू नका. आदेशात तुमचा विषय, आठवड्याच्या तासिका, नेमणुकीच्या दोन्ही तारखा आणि महाविद्यालयाचा जावक क्रमांक आहे का, ते तिथेच उभे राहून वाचा. मान्यता पत्राची प्रत मागा. ती महाविद्यालयात आली म्हणजे तुमच्याकडे आली असे होत नाही. ही मागणी उद्धटपणाची वाटेल, पण आडकाठी फारशी येत नाही, कारण मान्यतेचा प्रस्ताव त्यांनाही पाठवायचाच असतो. "तू फक्त तास घे, पुढचं मी बघतो" असे सांगणारे मार्गदर्शक मनाने चांगले असतील, परंतु माझ्या मते ज्याची सही कागदावर नाही त्याच्या शब्दावर वर्ष घालवू नये.

एक कटू गोष्टही स्पष्ट लिहिते. आठवड्याला 9 तासिका धरल्या तर तेव्हाच्या 500 रुपये दराने महिन्याला साधारण 18,000 रुपये होत होते, आणि नियमित सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच 57,700 पासून सुरू होते. पदोन्नतीसाठी मागील सेवा धरताना एकूण वेतन नियमित प्राध्यापकापेक्षा कमी नसावे अशी अट आहे. दर नंतर वाढला असला, तरी तासिकांवरील सेवा त्या अटीत बसत नाही. दहा वर्षे तासिका घेतल्या म्हणून पुढे ती सेवा जोडून मिळेल, या आशेवर राहू नका. निवडीतील गुणांसाठी मात्र ती उपयोगी पडते, आणि त्यासाठी कागद नीट असला तरी पुरेसे आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत झाली, कारण ही नेमणूक दरवर्षी नव्याने होते. या वेळी आदेश मिळेपर्यंत मी थांबले. विभागप्रमुख दोन दिवस नाराज होते, तिसऱ्या दिवशी त्यांनीच प्राचार्यांकडे फाइल नेली. तासिका नोंदवहीत तारीख, वर्ग आणि शिकवलेला घटक मी रोज लिहीत असे आणि दर शनिवारी विभागप्रमुखांची सही घेत असे. मार्चमध्ये बिल करताना कारकुनाने ती वही पाहिली, एकूण बेरीज आपल्या रजिस्टरशी ताडून पाहिली आणि काही न विचारता शिक्का मारला.