बावीस पानांचा प्रस्ताव आणि आधी वाचलं जाणारं एक पान

मी रत्नागिरीत छपरांवर सोलर बसवणाऱ्या एका लहान फर्ममध्ये काम करते. साईटवर जाऊन मोजमापं घ्यायची आणि ऑफिसात येऊन प्रस्ताव लिहायचा, हे माझं काम. नव्याने रुजू झालेली मुलं मला एकच गोष्ट वारंवार विचारतात: ड्राफ्ट तयार आहे, पण ग्राहकाने त्याचा फॉरमॅट पाठवला, आता काय करायचं? ज्या प्रस्तावावर मी हे शिकले, तोच इथे सांगते.

ग्राहक होता मासळी प्रक्रियेचा कारखाना. फ्रीझर, बर्फाचा प्लांट आणि कोल्ड स्टोरेज. आम्ही 50 किलोवॅटची सिस्टिम सुचवली होती आणि माझा 22 पानांचा ड्राफ्ट झाला होता. मग त्यांच्या खरेदी विभागाचा मेल आला, की प्रस्ताव सोबतच्या नमुन्यातच हवा. सुरुवातीला एका पानाची एक्झिक्युटिव्ह समरी, मग गरजेची समज, प्रस्तावित उपाय, वेळापत्रक, अनुभव आणि शेवटी परिशिष्टं. परिशिष्टं सोडून जास्तीत जास्त 15 पानं. दर वेगळ्या फाइलमध्ये. हातात चार दिवस होते.

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. ड्राफ्टची पहिली दोन पानं म्हणजे ‘आमच्याविषयी’. फर्म कधी सुरू झाली, किती कामं केली, कोणती सर्टिफिकेटं आहेत. तेच आटवून एका पानात बसवलं, वर शीर्षक दिलं एक्झिक्युटिव्ह समरी, आणि सरांना दाखवलं. त्यांनी पान वाचून एवढंच विचारलं, “यात त्यांचा कारखाना कुठे आहे?” त्या पानावर मासळीचा उल्लेखसुद्धा नव्हता. ते पान जसंच्या तसं एखाद्या हॉटेलला पाठवलं असतं तरी चाललं असतं.

मग सरांनी मला मजकुराला हात न लावता आधी एक तक्ता करायला लावला. डावीकडे ग्राहकाची शीर्षकं, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न बदलता. उजवीकडे त्या शीर्षकाखाली जाणारा मजकूर माझ्या ड्राफ्टमध्ये कोणत्या पानावर आहे, तो आकडा. हा तक्ता कागदावर हातानेच करा. त्यातून दोन गोष्टी लगेच दिसतात: रिकाम्या ओळी आणि बेवारस पानं. माझ्याकडे ‘गरजेची समज’ची ओळ रिकामी राहिली. त्याबद्दलची माहिती होती, पण चार ठिकाणी विखुरलेली: विजेचं बिल एका पानावर, खाऱ्या हवेने गंजलेल्या पत्र्याचा फोटो दुसरीकडे. उलट पॅनेलच्या माहितीपत्रकाची पाच पानं कुठल्याच शीर्षकाखाली बसेनात. ती परिशिष्टात गेली आणि 15 पानांचा प्रश्न बराचसा तिथेच सुटला.

समरी सगळ्यात आधी लागते, पण लिहायची सगळ्यात शेवटी. बाकीचे विभाग जागेवर बसल्यावर मी प्रत्येकातून एकच वाक्य उचललं: हे वाक्य वाचलं नाही तर मालक निर्णय घेऊ शकणार नाही, असं कोणतं? ते शोधताना मला माझ्याच ड्राफ्टच्या 14व्या पानावर, वीजनिर्मितीच्या कोष्टकाखाली, एक बारीक टीप सापडली. पावसाळ्यात सोलरची निर्मिती घटते, हे कोकणात सगळ्यांनाच माहीत असतं आणि ग्राहकाची पहिली शंका तीच असते. पण जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, मासळीची आवक थांबते, त्यामुळे या कारखान्याचे फ्रीझर आणि बर्फाचा प्लांट तेव्हा जवळजवळ थंडावतात. उरतो तो मुख्यतः कोल्ड स्टोरेजचा लोड. म्हणजे आमची निर्मिती पडते त्याच दिवसांत त्यांची गरजही उतरते. 22 पानांतली त्यांच्या सर्वांत कामाची गोष्ट मी टिपेत टाकली होती. ती समरीच्या दुसऱ्या वाक्यात आली.

पहिलं वाक्य त्यांच्या अडचणीचं: दिवसा चालणाऱ्या मशिनरीचं वीजबिल. मग उपाय: 50 किलोवॅट, सुमारे 5,000 चौरस फूट छप्पर, वर्षाला साधारण 70,000 युनिट. नंतर स्ट्रक्चरची एक ओळ. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्या किनाऱ्यावर पत्रा आणि वारा हा विषय टाळून कुणी प्रस्ताव वाचतच नाही. शेवटी कामाचे आठवडे, आणि त्यांच्याकडून काय लागेल: छपराची दुरुस्ती आधी, तीही त्यांच्या खर्चाने. ही अप्रिय ओळ आत लपवू नका. पहिल्याच पानावर असली की नंतर वाद होत नाही.

आता दराचं. समरीत किंमत लिहावी असं बहुतेक ठिकाणी शिकवतात, आणि एकाच फाइलचा प्रस्ताव असेल तर ते बरोबरही आहे. पण ग्राहकाने दर वेगळा मागितला, की तांत्रिक भागात रुपयाचा एकही आकडा दिसता कामा नये. तेवढ्यावरून प्रस्ताव बाद होऊ शकतो. मी किंमत काढली, पण ‘गुंतवणूक साधारण चार वर्षांत वसूल’ हे वाक्य ठेवलं. सरांनी कॅल्क्युलेटर पुढे केला. वर्षाचे 70,000 युनिट पानावर आहेत, युनिटचा दर त्यांच्या बिलावर आहे. दोन्हींचा गुणाकार करून चारने गुणलं, की आमची किंमत हातात. ते वाक्य दराच्या फाइलमध्ये गेलं.

मजकूर हलवताना कॉपी-पेस्ट टाळा. वर्डमध्ये प्रत्येक शीर्षकाला `Heading 1` किंवा `Heading 2` द्या आणि `Navigation Pane` मध्ये शीर्षक माउसने ओढा. त्याखालचे परिच्छेद आणि कोष्टकं त्याच्यासोबत सरकतात. मग `Ctrl+A` आणि `F9`, म्हणजे अनुक्रमणिका आणि पानांचे संदर्भ ताजे होतात. कुठे `Error! Reference source not found.` उमटलं, तर त्या संदर्भाचं मूळ ठिकाण हलवताना पुसलं गेलंय असं समजा.

पण काही खुणा वर्डला कळत नाहीत. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ म्हटलेलं आता खाली गेलेलं असतं. संक्षेपाचा पूर्ण अर्थ जुन्या दुसऱ्या पानावर दिलेला असतो आणि ते पान आता परिशिष्टात असतं. त्यासाठी ‘वर’, ‘मागे’, ‘पुढे’, ‘खालील’ हे शब्द शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी पाहा. आकड्यांसाठी समरीची प्रिंट घ्या आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो आत ज्या पानावर आहे ते पान पेनाने लिहा. माझ्या समरीत 50 किलोवॅट होतं, तर वेळापत्रकात एका ठिकाणी 60; सावलीमुळे आम्ही सिस्टिम लहान केली, त्याआधीचा तो आकडा तिथे तसाच राहिला होता. जुन्या क्रमात हे दोन आकडे एकमेकांपासून लांब असल्याने तो फरक कुणाच्या लक्षात आला नव्हता.

प्रस्ताव गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरांचा फोन आला. “छपराची दुरुस्ती आम्ही करायची म्हणता, ती नक्की किती पत्र्यांची?” पत्र्यांची यादी परिशिष्टात होती. मी त्यांना पान नंबर सांगितला.