बेंजीची पानं आणि पेन्सिल

फॉकनरच्या ‘द साउंड अँड द फ्युरी’ या कादंबरीत (१९२९) पहिला भाग बेंजी सांगतो. वय तेहेतीस, पण काळाचं भान नाही. कुंपणाच्या खिळ्यात कपडे अडकतात आणि पुढच्याच ओळीत तो लहानपणी पोचलेला असतो. माझा धागा हमखास इथेच सुटायचा. तिरपा टाइप उडी कळवतो, पण कुठल्या वर्षात ते सांगत नाही.

मग मी तारखा शोधणं सोडलं आणि बेंजीला सांभाळायला कोण आहे ते बघू लागलो. व्हर्श असेल तर बालपण, टी. पी. असेल तर पौगंडावस्था, लस्टर असेल तर १९२८, म्हणजे कथेतला ‘आज’. समासात पेन्सिलीने व, टी, ल. कोणाचंच नाव नसेल तर प्रश्नचिन्ह टाकून पुढे. क्वेंटिन या नावाने मात्र घोळ होतो: एक भाऊ, दुसरी भाची. लस्टरच्या पानांत ती भाचीच.

पानं मोजायची नाहीत, एखादी उडी संपली की थांबायचं. दुसऱ्या दिवशी मागचं अर्धं पान वाचून सुरुवात. बरीच प्रश्नचिन्हं तिसऱ्या भागात, बेंजीचा दुसरा भाऊ जेसन याच्या सरळसोट, खवचट बोलण्यात सुटतात.