फीडफॉरवर्ड लावताना या चुका टाळा

तापमान हलतं, ते बघून दुरुस्ती करणारा पीआयडी कंट्रोलर, म्हणजे फीडबॅक, उशिरा जागा होतो, मग कोणीतरी म्हणतं, 'फीडफॉरवर्ड टाकून बघू.' टाकून बघण्याची ही घाई बहुतेक वेळा महागात पडते. फीडफॉरवर्ड म्हणजे त्रास मोजून, त्याचा परिणाम दिसण्याआधीच दुरुस्ती करणं. ते चांगलं काम करतं, पण ज्या त्रासाचं माप घेता येतं आणि ज्याचा परिणाम आपल्याला आधीच मोजून काढता येतो, अशाच त्रासावर. त्याच त्याच चुका वारंवार दिसतात, म्हणून एकच उदाहरण घेऊन त्या मांडतो.

स्टीमवर चालणारा हीट एक्स्चेंजर घ्या. पाणी ३० अंशांवर आत येतं, ७० अंशांवर बाहेर हवं. प्रवाह तासाला १० टन. पाण्याचा प्रवाह आणि आत येणारं तापमान बदलत राहतं, आणि ही दोन्ही मापं आपल्याकडे आहेत. लागणाऱ्या स्टीमचा हिशेब ऊर्जेच्या ताळेबंदावरून थेट निघतो:

```
W = k × F × (T* − Tin)
```

इथे F म्हणजे पाण्याचा प्रवाह टन प्रति तास आणि W म्हणजे स्टीम किलो प्रति तास. T* म्हणजे हवं असलेलं बाहेरचं तापमान, Tin म्हणजे आत येणाऱ्या पाण्याचं. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१९ आणि सुमारे ४ बार निरपेक्ष दाबाच्या स्टीमची सुप्त उष्णता २१३३ किलोज्यूल प्रति किलो धरली, तर k साधारण १.९६ येतो. म्हणजे १० टनाला ७८४ किलो स्टीम लागते. प्रवाह १४ टन झाला की १०९८ किलो. प्रवाह बदलल्याबरोबर हा आकडा स्टीमच्या फ्लो कंट्रोलरला सेटपॉइंट म्हणून मिळतो. बाहेरचं तापमान बिघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

चूक पहिली: 'हिशेब बरोबर आहे, मग फीडबॅक कशाला?'

हिशेब कधीच पूर्ण बरोबर नसतो. समजा फ्लोमीटर ५ टक्के कमी दाखवतो. खरा प्रवाह १४ टन, पण हिशेबात १३.३. स्टीम १०४३ किलोच जाते आणि पाणी ३८ अंशांनीच तापतं. बाहेर ६८ अंश. हा दोन अंशांचा फरक फीडफॉरवर्डला कधीच कळणार नाही, कारण ते बाहेरच्या तापमानाकडे बघतच नाही. त्यात नळ्यांवर चढणारा थर, स्टीममधला ओलावा आणि बाहेर जाणारी उष्णता यांची भर पडते. फीडफॉरवर्डने मोठा धक्का झेलायचा आणि उरलेला फरक फीडबॅकने सावकाश भरून काढायचा, अशी ही वाटणी आहे. फीडबॅकच्या या दुरुस्तीला ट्रिम म्हणतात.

मात्र तुमचा फीडबॅकचा लूप नीट ट्यून केलेला नसेल किंवा व्हॉल्व्ह अडकत असेल, तर आधी ते दुरुस्त करा. फीडफॉरवर्ड हे खराब लूपवरचं औषध नाही. लोड, म्हणजे पाण्याचा प्रवाह किंवा आत येणारं तापमान, अगदी सावकाश बदलत असेल आणि फीडबॅक त्याला आरामात पुरत असेल, तरीही ते नको. गरज तिथे आहे, जिथे लोड लूपच्या सावरण्यापेक्षा वेगाने बदलतो आणि तो धक्का पुढच्या प्रक्रियेला सोसत नाही. पुढे मोठी टाकी असेल आणि तिथे सगळं सरासरीत मिसळून जाणार असेल, तर ही मेहनत वाया जाते.

चूक दुसरी: ट्रिम कुठे जोडायचा याचा विचारच न करणे

ही माझी सर्वांत आवडती तक्रार. बहुतेक जण फीडबॅकचा आउटपुट फीडफॉरवर्डच्या आकड्यात मिळवून टाकतात, कारण कंट्रोल सिस्टीमच्या ब्लॉकमध्ये बेरजेचं टोक तयारच असतं. वरच्या ५ टक्क्यांच्या चुकीचंच बघा. १४ टनाला कमी पडलेली स्टीम ५५ किलो. फीडबॅक ती भरतो आणि तापमान ७० वर येतं. आता प्रवाह एकदम ७ टनांवर आला. त्याच ५ टक्के चुकीसाठी इथे फक्त २७ किलो लागतात, पण ट्रिम अजून ५५ वर अडकलेला आहे. जास्तीचे २८ किलो पाण्याला दोन अंश जास्त तापवतात आणि फीडबॅकला हा सगळा प्रवास उलटा करावा लागतो. प्रवाह बदलला की तापमान दर वेळी थोडं वर-खाली होतं, आणि लोक म्हणतात, 'फीडफॉरवर्डचा काही उपयोग नाही.'

याऐवजी फीडबॅकने सूत्रातला T* हलवावा. ५ टक्क्यांच्या चुकीसाठी T* साधारण ७२ झाला की १४ टनालाही तो बरोबर बसतो आणि ७ टनालाही, कारण तो F ने गुणला जातो. दुसरा फायदा याहून मोठा आहे. या यंत्रात १ किलो स्टीमने होणारा तापमानबदल प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात असतो. बेरीज केली तर अर्ध्या प्रवाहावर लूपचा गेन, म्हणजे प्रतिसादाचा जोर, दुप्पट होतो आणि तो डोलायला लागतो. गुणाकार केला की तो परिणाम कापला जातो आणि एकच ट्यूनिंग सगळीकडे चालतं.

याचा अर्थ सगळीकडे गुणाकार असा नाही. बॉयलर ड्रमच्या पातळीत स्टीमचा प्रवाह जितका, तितकं पाणी आत घालायचं असतं, तिथे पातळीच्या कंट्रोलरची दुरुस्ती बेरजेनेच येते. वस्तुमानाचा ताळेबंद तसाच आहे. आधी ताळेबंद कागदावर मांडा, म्हणजे ट्रिमची जागा आपोआप कळते. ब्लॉक उघडून टोकं शोधत बसण्याआधी हे केलं तर अर्धी भांडणं मिटतात.

चूक तिसरी: किती द्यायचं ते ठरवलं, कधी द्यायचं ते विसरलं

एका प्लांटवरची गोष्ट. आत येणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा सेन्सर टाकीच्या तोंडाशी बसवला होता, कारण तिथे जागा तयार होती. तिथून एक्स्चेंजरपर्यंतच्या पाइपमध्ये सुमारे १०० लिटर पाणी मावत असे. १० टन प्रति तास म्हणजे सेकंदाला सुमारे २.८ लिटर, म्हणजे पाणी पोहोचायला ३६ सेकंद. टाकीचं पाणी ३० वरून २२ अंशांवर आलं की फीडफॉरवर्ड त्याच क्षणी १५७ किलो स्टीम वाढवायचं. थंड पाणी अजून पाइपमध्येच असायचं, पण जास्तीची स्टीम पोहोचलेली असायची. बाहेरचं तापमान चार-पाच अंशांनी वर. फीडबॅक ते पाहून स्टीम कमी करायचा. नेमकं तेव्हा थंड पाणी येऊन पोहोचायचं. मग तापमान ६५ च्या खाली.

शिफ्टने दोष फीडबॅकला दिला आणि त्याचा गेन निम्मा केला. त्यामुळे आता सावरायलाही दुप्पट वेळ लागू लागला. शेवटी फीडफॉरवर्डच बंद करून ठेवलं होतं. ट्रेंडकडे बघितल्यावर खरी गोष्ट दिसली: थंड पाणी येतं तेव्हा तापमान आधी वर जातं. आधी उलट दिशेला गेलेलं तापमान म्हणजे फीडफॉरवर्ड लवकर आलंय. फीडबॅक कितीही चुकीचा असला तरी पहिली हालचाल उलटी करू शकत नाही. पण ट्रेंडचे नमुने मिनिटाला एक घेतले असतील, तर हे दिसतच नाही. सेकंदाला एक नमुना घ्या.

उपाय सोपा होता. स्टीमचा बदल बाहेर दिसायला सुमारे ९ सेकंद लागत होते, आणि पाणी एक्स्चेंजरमध्ये आल्यावर बदल बाहेर दिसायला ४. म्हणून Tin ला ३६ अधिक ४ वजा ९, म्हणजे ३१ सेकंद उशीर दिला. प्रवाह १४ टन असेल तर पाइपचा वेळ २६ सेकंदांवर येतो आणि हा उशीर २१ होतो. म्हणून तो स्थिर आकडा ठेवला नाही, पाइपमधल्या पाण्याचं आकारमान भागिले प्रवाह, त्यातून ५ सेकंद वजा, असा काढला. लांबचा सेन्सर ही उलट सोयच असते. आधी कळतं, फक्त थांबून वापरायचं.

F चं मात्र उलट असतं. प्रवाह बदलल्याचा परिणाम लगेच होतो, स्टीमचा मागून. डेड टाइम म्हणजे बदल दिसायला सुरुवात होईपर्यंतचा वेळ, आणि काळ-स्थिरांक म्हणजे त्यानंतर बदल किती सावकाश पूर्ण होतो त्याचं माप. समजा लोडच्या वाटेचा काळ-स्थिरांक १० सेकंद आणि डेड टाइम ४, स्टीमच्या वाटेचा २५ आणि ९. फीडफॉरवर्डच्या आकड्याला सुरुवातीला जास्तीचा धक्का देऊन मग खाली आणणारा ब्लॉक म्हणजे लीड-लॅग. त्यात लीड २५ आणि लॅग १० ठेवला की दोन काळ-स्थिरांकांचा मेळ बसतो. डेड टाइममधले पाच सेकंद मात्र कोणत्याही सूत्राने परत मिळत नाहीत, तेवढा खड्डा पडणारच. त्यात लीड-लॅगचा पहिला धक्का अडीच पट असतो: ४ टनाची उडी ३१४ किलो मागते, आणि क्षणभर ७८५ मागितले जातात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडून थांबला तर हिशेबातला लीड प्रत्यक्षात मिळत नाही. त्याशिवाय फ्लोमीटरची खरखरही अडीच पट होते. मी मापाला थोडं फिल्टर लावतो, पण लॅगच्या बऱ्याच खाली ठेवतो, आणि लीड आधी २० पासून सुरू करून वाढवतो. पूर्ण जुळवणीच्या मागे लागत नाही.

बाकीच्या चुका

फीडफॉरवर्डचा आकडा थेट व्हॉल्व्हला पाठवू नका. स्टीमचा दाब बदलला की सूत्र खोटं ठरतं. मध्ये स्टीम फ्लो कंट्रोलर हवाच.

मोजलेल्या त्रासावर तुमच्याच व्हॉल्व्हचा परिणाम होत असेल, उदाहरणार्थ बाहेरचं गरम पाणी फिरून आत येत असेल, तर ते फीडफॉरवर्ड राहत नाही, तो लपलेला दुसरा लूप होतो आणि त्याला ट्यूनिंगही लागतं.

लावण्याचा क्रम चुकवू नका. फीडबॅक मॅन्युअलवर ठेवा. प्रवाह दोन वेगवेगळ्या पातळ्यांवर स्थिर करा आणि k तपासा: तापमान शेवटी कुठे बसतं त्यावरून गेन, आधी कोणत्या दिशेला जातं त्यावरून वेळ. मगच फीडबॅक ऑटोवर घ्या आणि ट्यून करा. नवशिक्यांना हे दोन्ही एकदम चालू करून बघायचं असतं, आणि मग कोणता आकडा कोणामुळे बिघडला ते कोणालाच सांगता येत नाही.

आणि फ्लोमीटर बिघडून शून्य दाखवू लागला तर काय? सूत्र स्टीमही शून्य करतं, आणि T* कितीही वाढवला तरी शून्याने गुणलेला ट्रिम शून्यच राहतो, म्हणजे फीडबॅकचाही हात बांधला जातो. म्हणून मापाचा दर्जा खराब झाला की F शेवटच्या चांगल्या आकड्यावर गोठवा, अलार्म द्या आणि ट्रिम त्या आकड्यावरून तापमान सांभाळू दे. ही व्यवस्था सुरुवात करण्याच्या दिवशीच करून घ्या, कारण ट्रान्समीटर बंद पडतो तेव्हा ती लिहीत बसायला वेळ नसतो.