करार संपताना घर सोडण्याची नोटीस: संयुक्त पाहणी आणि डिपॉझिटची तारीख कशी मागावी

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार मुदत संपली की आपोआप संपतो, मग वेगळी नोटीस कशाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण तुम्ही गप्प राहिलात तर घरमालक नूतनीकरण धरून चालतो आणि डिपॉझिटचे पैसे तयार ठेवत नाही. ते पैसे बहुतेक वेळा त्याच्याकडे बाजूला ठेवलेले नसतात. नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून तुमचं परत करायचं, असाच त्याचा हिशोब असतो. म्हणून नोटिशीत घर सोडण्याच्या तारखेसोबत पाहणीची आणि पैसे परत करण्याची तारीखही मागावी.

आधी नोंदणी झालेला करार काढा आणि मुदत संपण्याची तारीख, नोटिशीचा कालावधी, डिपॉझिट परतीचं कलम आणि घरातल्या वस्तूंची यादी एवढं बघा. रंगकामाचे पैसे कापण्याचं कलम आहे का, हेही वाचा. शेवटी वाद होतो तो बहुधा त्यावरच.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला फ्लॅट, भाडं २२,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. करार १ ऑगस्ट २०२५ ते ३० जून २०२६, नोटीस एक महिन्याची. नोटीस ३० मेपर्यंत घरमालकाच्या हातात पडायला हवी, म्हणून ती २० मेच्या सुमारास पाठवा. मजकूर एवढा पुरतो:

"सप्रेम नमस्कार. आपल्यातील करार ३० जून २०२६ रोजी संपत आहे. मी त्याचे नूतनीकरण करणार नाही आणि त्याच दिवशी सदनिकेचा रिकामा ताबा आपणास देईन. तत्पूर्वी शनिवार, २० जून रोजी सकाळी ११ वाजता आपण दोघांनी मिळून सदनिकेची पाहणी करावी, ही विनंती. ही वेळ गैरसोयीची असल्यास २१ जून चालेल. काही वजावट असल्यास ती पाहणीच्या वेळी लेखी कळवावी. अनामत रक्कम रु. ७५,००० कराराप्रमाणे ताबा घेतानाच माझ्या बँक खात्यात जमा करावी. आपले उत्तर ५ जूनपर्यंत मिळावे."

"कराराप्रमाणे" हा शब्द कलम वाचूनच लिहा. करारात पंधरा दिवसांची मुदत असेल तर तीच तारीख घाला. पत्र व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेलवर पाठवाच, शिवाय स्पीड पोस्टनेही पाठवून पावती जपा. एजंटला सांगितलं म्हणजे मालकाला सांगितलं, असं धरू नका.

पाहणी शेवटच्या दिवशी ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या दिवशी टेम्पो खाली उभा असतो, तुम्ही घाईत असता आणि मालक म्हणेल तो आकडा कबूल करून मोकळे होता. दहा दिवस आधी पाहणी झाली तर गळका नळ स्वतःचा प्लंबर आणून दुरुस्त करता येतो. वस्तूंची यादी हातात घेऊन खोलीवार फिरा. पंखे, गिझर, कुलपं, नळ चालू करून बघा. जे ठरेल ते एका कागदावर लिहून दोघांनी सही करा.

आपल्या उदाहरणात मालक रंगासाठी १५,००० मागतो. करारात तसं कलम नाही, आणि वर्षभराच्या वापराने भिंत थोडी मळणं हे नुकसान नव्हे. राहायला आलात तेव्हाचे फोटो असतील तर ते इथे दाखवा. कपाटाचं तुटलेलं बिजागर मात्र तुमच्याकडून गेलंय, त्याचे ८५० मान्य करा. वीजबिल पुढच्या महिन्यात येणार म्हणून मालक पाच-दहा हजार अडकवून ठेवू बघतो. त्यावर उपाय म्हणजे ३० तारखेला मीटरच्या रीडिंगचा फोटो काढायचा आणि मागच्या बिलानंतरच्या युनिटचा हिशोब तिथेच करायचा. तो १,१५० आला असं धरू. परत मिळायचे ७३,०००.

पैसे आले नाहीत तर ताबा सोडायचाच नाही, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो महागात पडू शकतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर न सोडणारा लायसन्सी दुप्पट दराने भरपाई द्यायला बांधील असतो. तुमच्या करारात डिपॉझिट मिळेपर्यंत राहण्याची स्पष्ट मुभा असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हाही आधी वकिलाला दाखवा. एरवी ३० जूनला रिकाम्या खोल्यांचा व्हिडिओ काढून चाव्या द्या आणि ताबा पावती लिहून घ्या. त्यात तारीख, चाव्यांची संख्या, मीटरचं रीडिंग आणि "रु. ७३,००० देणे बाकी, अमुक तारखेपर्यंत देईन" ही ओळ मालकाच्या सहीने हवी. ती तारीख उलटली की वकिलाची नोटीस याच पावतीच्या आधारे जाते. मालक पावती द्यायला तयार नसेल तर त्याच संध्याकाळी तोच तपशील, व्हिडिओसह, त्याला ईमेल करा.