मोंढ्यातल्या ॲपचं नाव: सांगणारं, घडवलेलं की रूपकाचं?

समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करताय. सोयाबीनचा सौदा झाला की मुनीमजींनी एकदाच नोंद करायची. शेतकऱ्याची पट्टी, खरेदीदाराचं खातं आणि हमाली-तोलाई तिन्हीकडे आपोआप चढते. नावावर बसण्याआधी हे काम एका वाक्यात कागदावर लिहा. त्याखाली तीन रकाने आखा: काम सांगणारं नाव, घडवलेलं नाव, रूपकाचं नाव. प्रत्येकात चार-पाच नावं हवीत, नाहीतर पहिल्याच नावावर जीव जडतो.

पहिला रकाना पटकन भरतो. ‘आडतपट्टी’ म्हटलं की दुकानदाराला काही समजवावं लागत नाही, आणि शोधणारा हेच शब्द टाइप करतो. अडचण पुढे येते. व्यापारचिन्ह कायदा, 1999 च्या कलम 9 प्रमाणे वस्तूचं किंवा सेवेचं नुसतं वर्णन करणारं चिन्ह सहसा नोंदवलं जात नाही. पुढे ‘लातूर’ जोडूनही फायदा नाही, गावाचं नाव त्याच कलमात अडकतं. दीर्घ वापराने वर्णनाच्या शब्दाला ओळख मिळते हे खरं. naukri.com ने naukari.com विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि 2002 साली ती मिळाली, पण तोवर त्यांचं नाव बऱ्यापैकी रुळलेलं होतं. तुमच्याकडे पहिल्या दिवशी तसा पुरावा नसतो, त्यामुळे शेजारच्याने ‘आडतपट्टी प्लस’ काढलं तर हात चोळत बसावं लागेल.

शिवाय हे नाव रोमन अक्षरांत लिहून बघा. `Aadat` हे हिंदी वाचणारा ‘आदत’ असं वाचतो. आणि उद्या जालन्याच्या बियाणे विक्रेत्यांसाठी तेच सॉफ्टवेअर वाढवलं तर नाव आडतीलाच बांधलेलं राहतं.

घडवलेलं नाव याच्या अगदी उलट. नमुना म्हणून ‘पटोवा’ घ्या. अर्थ काहीच नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम. कोडॅक हा शब्दही असाच घडवलेला. किंमत दुसरीकडे मोजावी लागते: प्रत्येक फलकावर, प्रत्येक फोनवर ‘म्हणजे काय?’ याचं उत्तर द्यायचं. जाहिरातीला पैसे नसतील तर पहिली दोन वर्षं हे जड जातं. `Patova` की `Patowa`, हा घोळ वेगळाच.

रूपकाच्या रकान्यात ‘तिफण’ लिहा. एका फेरीत तीन ओळी पेरणारी तिफण आणि एका नोंदीत तीन खाती लिहिणारं सॉफ्टवेअर, ही सांगड मराठवाड्यातल्या दुकानदाराला एका दमात पटते. कायद्यातही ते हिशेबाचं वर्णन ठरत नाही. आमच्या मते अशा धंद्याला हाच रकाना सोयीचा, पण चांगलं रूपक दुसऱ्या कुणालाही सुचलेलं असतं. `Tifan` शोधलं तर SAEINDIA या अभियंत्यांच्या संघटनेची शेतीयंत्रांची विद्यार्थी-स्पर्धा समोर येते. आणि फोनवर ऐकणाऱ्याच्या डोक्यात डबा येतो: टिफिन. मुंबईत वा पुण्यात, जिथे तिफण पाहिलेलीच नाही, तिथे रूपक निम्मं गळून पडतं.

म्हणून तिन्ही रकान्यांतल्या उरलेल्या नावांची एक चाचणी घ्या. दहा मुनीमजींना मोंढ्याच्या गलक्यातून फोन करा, नाव एकदाच उच्चारा आणि व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. आठांनी बरोबर लिहिलं तर नाव ठेवा. ‘तिफण’ इथे नापास झालं तर स्पेलिंग बदलून पुन्हा घ्या, किंवा सोडा.

मग शोध. व्यापारचिन्ह नोंदणीच्या संकेतस्थळावर वर्ग 9 (डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर) आणि वर्ग 42 (ऑनलाइन चालणारी सॉफ्टवेअर सेवा) या दोन्हींत शब्दशोध करा, आणि उच्चारशोधही. पुष्कळजण फक्त शब्दशोध करतात. मग `Tifan` मोकळं दिसतं आणि `Tyfan` नंतर आडवं येतं. वैयक्तिक अर्जदाराला, मान्यताप्राप्त स्टार्टअपला वा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क दर वर्गाला 4,500 रुपये, म्हणजे दोन वर्गांचे 9,000. नाव देवनागरीत असेल तर रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतरही द्यावं लागतं.

रूपकाचं किंवा घडवलेलं नाव घेतलं की वर्णन शेपटीला जोडा. प्ले स्टोअरवर नावाला 30 अक्षरांची मर्यादा आहे. ‘तिफण: आडत हिशेब’ आरामात बसतं, आणि शोधणाऱ्याला ‘आडत’ सापडतं. व्यापारचिन्हाचा अर्ज मात्र नुसत्या ‘तिफण’चा करा. ॲपचा पॅकेज आयडी एकदा प्रकाशित झाल्यावर बदलता येत नाही, म्हणून त्यात धंद्याचा शब्द घालू नका:

```
com.tifan.app
```

`com.tifan.aadat` दिलं आणि पुढे बियाण्यांचं काम सुरू केलं, तर तो शब्द प्ले स्टोअरच्या दुव्यात कायम दिसत राहतो.